घरात रेंज नाही, वायफाय कॉलिंग चालू केलं तरी कॉल कट होतात

प्रश्न: आमचं घर चिपळूणच्या पुढे वाडीत आहे, जांभ्याच्या जाड भिंती. अंगणात दोन-तीन कांड्या रेंज असते पण घरात शिरलं की एक कांडी नाहीतर काहीच नाही. फायबर आलंय, नेट मस्त चालतं. वायफाय कॉलिंग दोन्ही सिमना ऑन केलंय तरी आईला फोन लावला की कधी लागतच नाही आणि लागला तर मधेच कट. पाऊस असला तरी ती अंगणात जाऊन बोलते. आम्ही पुण्यात असतो. काय चुकतंय?

उत्तर:

बटण ऑन केलंत ते बरोबरच आहे, माझा संशय त्या एका कांडीवर आहे. घरात रेंज अजिबात नसती तर तुमचा त्रास कदाचित कमी झाला असता. मी सिंधुदुर्गात घरोघरी नेट आणि वायफाय बसवायचं काम करतो, दहा-बारा वर्षं झाली, आणि वायफाय कॉलिंगच्या ज्या तक्रारी येतात त्यातल्या बऱ्याचशा अशाच अर्धवट रेंजवाल्या घरातल्या असतात. पूर्ण शून्य रेंज असलेल्या घरात फोनला दुसरा पर्यायच नसतो, तो गुपचूप वायफायवर जातो. एक कांडी दिसली की मात्र फोनला वाटतं टॉवर आहे की, मग तो टॉवरलाच चिकटून राहतो, आणि तेवढ्यात आई माजघरातून स्वयंपाकघरात गेली की तीही कांडी जाते. आता कॉल टॉवरवरून वायफायवर न्यायचा तर तेवढा वेळ तरी टॉवरशी नीट बोलणं व्हायला हवं ना, तेच होत नाही, म्हणून कट.

वायफाय कॉलिंगमध्ये नेमकं होतं काय ते आधी सांगतो, म्हणजे पुढचं सगळं आपोआप कळेल. फोन तुमच्या वायफायवरून इंटरनेटने सिम कंपनीच्या एका दरवाज्यापर्यंत जातो, तिथे सिमकार्डाची ओळख पटवतो आणि मग तिथपर्यंत एक बंद बोगदा तयार करतो. त्या बोगद्यातून तुमचा नेहमीचाच कॉल जातो, त्याच नंबरवरून, त्याच प्लॅनच्या मिनिटांतून. पलीकडच्या माणसाकडे वायफाय लागत नाही, अ‍ॅप लागत नाही, लँडलाईनवरसुद्धा कॉल लागतो. व्हॉट्सअ‍ॅप कॉलपेक्षा वेगळं ते हेच, बँकेतून फोन आला, गॅसवाल्याचा आला, डॉक्टरच्या दवाखान्यातून आला तरी तो घरात वाजतो. फायबर कोणाचं आणि सिम कोणाचं याचा संबंध नाही. हे सांगायचं कारण म्हणजे डिसेंबर 2019 मध्ये एअरटेलने सुरू केलं तेव्हा सुरुवातीला ते त्यांच्याच ब्रॉडबँडवर चालायचं, जिओने जानेवारी 2020 मध्ये कुठल्याही वायफायवर चालेल असं आणलं, नंतर एअरटेलनेही सगळ्या ब्रॉडबँडना मोकळं केलं, पण "फायबर पण त्याच कंपनीचं घ्या" हा जुना सल्ला अजून गावागावात फिरतोय आणि लोक उगाच कनेक्शन बदलत बसतात.

आता जांभ्याबद्दल. दीड फुटी भिंत, त्यात जांभा म्हणजे भोकाभोकांचा दगड, पावसात पाणी पिऊन बसतो. ओली भिंत कोरड्या भिंतीपेक्षा सिग्नल जास्त खाते, म्हणून मे महिन्यात बरं चालणारं घर जुलैत मुकं होतं, लोकांना वाटतं टॉवर बिघडला. अँड्रॉइडमध्ये Settings मध्ये About phone मध्ये SIM status उघडलं की Signal strength म्हणून एक उणे आकडा दिसतो, डीबीएममध्ये (काही फोनमध्ये थोडा आत लपलेला असतो). अंगणात उणे 95 आणि माजघरात उणे 115 असं काहीतरी दिसेल बघा. दिसायला फरक वीसचा, पण दर दहाला ताकद दहा पटीने कमी होते, म्हणजे घरात शंभरावा हिस्सा राहिला. त्यात टॉवरची ताकद मोठी आणि फोनची चिमुकली, त्यामुळे अशा जागी टॉवरचं फोनला ऐकू येतं पण फोनचं टॉवरला ऐकू जात नाही. कांडी दिसते ती टॉवरकडून आलेली असते, जाणाऱ्याची कांडी कुठे दाखवतच नाहीत. "मला तुझं ऐकू येतंय, तुला माझं येत नाही का" हा संवाद तुमच्याकडे होत असेल तर तो याच्यामुळेच. आणि फोन घरात नुसता ठेवला तरी बॅटरी संपते ना? तो बिचारा सगळा जोर लावून टॉवरला हाका मारत असतो.

म्हणून पहिली गोष्ट करायची ती एक टेस्ट, आणि ही टेस्ट आईला फोनवरून सांगूनही करता येते. फोनचा एअरप्लेन मोड लावायचा. त्याने बऱ्याच फोनमध्ये वायफायही बंद होतं, तर ते परत हाताने चालू करायचं, एअरप्लेन मोड तसाच ठेवून. मग अर्धा-एक मिनिट थांबायचं, घाई नको, बोगदा तयार व्हायला वेळ लागतो. वर पट्टीत VoWiFi असं किंवा फोनच्या चित्राला वायफायच्या रेघा असं चिन्ह येतं, आयफोनवर कंपनीच्या नावापुढे Wi-Fi येतं. मग फोन लावून बघायचा आणि तुम्ही पुण्यातून उलटा पण लावायचा. टॉवरचा संबंधच तोडल्यामुळे आता जे होईल ते निव्वळ वायफाय कॉलिंगचं. चालू आहे की नाही हे बटण बघून कळत नाही, बटण म्हणजे फक्त "परवानगी आहे" एवढंच. मला कितीतरी जण बटणाचा फोटो पाठवतात, "दादा ऑन आहे बघा". मी म्हणतो एअरप्लेन लावून फोन करा.

टेस्टमध्ये चिन्हच आलं नाही, कॉल लागलाच नाही, तर काय ते बघू. बटण सिमगणिक वेगळं असतं, तुम्ही दोन्हीला केलंय म्हणता तर ठीक, पण आईच्या फोनमध्ये केलंय की तुमच्या फोनमध्ये ते एकदा बघा, हसू नका, असं झालेलं आहे. सॅमसंगला ते Settings मध्ये Connections मध्ये Wi-Fi Calling, शाओमीला त्या सिमच्या आत Make calls using Wi-Fi, आयफोनला Settings मध्ये Mobile Service मधून ती सिम निवडून Wi-Fi Calling. दरवेळी अपडेट आला की जागा हलते, म्हणून सरळ सेटिंगच्या वरच्या शोधपट्टीत Wi-Fi calling टाईप करा. बटणच दिसत नसेल तर बहुतेक वेळा यातलं काहीतरी असतं: सिम फार जुनी, 4जी च्या आधीची आहे, किंवा व्हीओएलटीई, म्हणजे 4जी वरूनच बोलायची सोय, बंद आहे, किंवा तो मॉडेल त्या कंपनीने मंजूर केलेला नाही. शेवटचं विशेष करून दुबईहून वगैरे आणलेल्या फोनला होतं, तोच मॉडेल इथे घेतलेला चालतो आणि तिकडून आणलेला चालत नाही. साध्या बटणाच्या बहुतेक फोनना तर वायफायच नसतं, तिथे विषय संपला.

बटण आहे, ऑन आहे, तरी चिन्ह येत नाही, तर दोष फोनचा की घरच्या नेटचा हे वेगळं काढायचं. याची माझी पद्धत सोपी आहे. आईचा फोन घेऊन अंगणात जायचं, दुसऱ्या कुणाच्या तरी फोनचा हॉटस्पॉट लावायचा, ज्याची रेंज अंगणात बरी आहे अशाचा, आणि आईच्या फोनला एअरप्लेन मोड लावून त्या हॉटस्पॉटला जोडायचं. तिथे चिन्ह आलं आणि घरच्या वायफायवर येत नाही तर फोन आणि सिम निर्दोष, अडलंय राउटरमध्ये किंवा नेटवाल्याकडे. तिथेही आलं नाही तर राउटरला हात लावू नका, सिम कंपनीला फोन करून त्या नंबरवर ही सेवा चालू आहे का ते विचारा.

अडलं राउटरमध्ये असेल तर त्यामागचं कारण असं. तो बोगदा यूडीपीच्या 500 आणि 4500 या दोन पोर्टवरून, म्हणजे नेटवरच्या ठरलेल्या दोन वाटांवरून, जातो. काही राउटरमध्ये फायरवॉल High वर ठेवलेली असते ती हे अडवते, ती Medium किंवा Low करून बघा. काही ठिकाणी IPsec Passthrough किंवा VPN Passthrough असं एक खूण करायचं चौकोन असतं, तिथे खूण असू द्या. पोर्ट फॉरवर्ड वगैरे काही करायचं नाही, फोन स्वतः बाहेर जातो, बाहेरून कोणी आत यायचं नसतं, तरी लोक व्हिडिओ बघून ते करून ठेवतात. आणि फोनमध्ये कुणी व्हीपीएन किंवा जाहिरात अडवायचं अ‍ॅप टाकून ठेवलेलं असेल तर ते बंद करा. नातवाने सुट्टीत टाकलेलं असतं, आजीला पत्ता नसतो. व्हीपीएनने कॉल परदेशातून आल्यासारखा दिसला तर सिम कंपनी दरवाजाच उघडत नाही असंही होतं.

पण माझा अंदाज असा की तुमच्याकडे एअरप्लेन मोडमध्ये कॉल व्यवस्थित लागेल. "नेट मस्त चालतं" म्हणताय आणि कॉल कधीकधी लागतोही म्हणताय, म्हणजे बोगदा होत असावा. तसं असेल तर उरतो तो हट्टी कांडीचा प्रश्न. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये वायफाय कॉलिंगच्या बटणाखाली अजून एक ओळ असते, Calling preference किंवा तत्सम नावाची, त्यात आधी वायफाय की आधी मोबाईल नेटवर्क असं विचारतात. ती न बघता बरेच जण निघून जातात. मोबाईल आधी असं असेल तर एक कांडी असेपर्यंत फोन वायफायकडे बघणारच नाही. तिथे Wi-Fi preferred किंवा Call over Wi-Fi जे असेल ते निवडा. आयफोनमध्ये असा पर्याय नाही, तो आपल्या मनाने ठरवतो आणि अर्ध्या रेंजमध्ये कधीकधी चुकीचं ठरवतो.

ज्या फोनला हा पर्याय नाही त्याला मी सरळ घरात एअरप्लेन मोडवर ठेवायला सांगतो, वायफाय चालू. ऐकायला विचित्र वाटतं पण अशा घरात सगळ्यात पक्कं चालतं, आणि बॅटरी पण जास्त टिकते, कारण टॉवरला हाका मारणं बंद. अडचण एकच, बाहेर पडताना ते काढायला लक्षात राहिलं पाहिजे. आई बाजारात गेली आणि काढायला विसरली तर सगळे घाबरतील. म्हणून तिच्या रोजच्या फोनला हे नको. त्याऐवजी तुमचा एखादा जुना चालणारा स्मार्टफोन असेल तर त्यात दुसरी सिम टाका आणि तो कायम घरात एअरप्लेनवर, चार्जरजवळ, देव्हाऱ्याशेजारी नाहीतर जिथे ती बसते तिथे. घरचा लँडलाईन झाला तो. तुम्हीच म्हणता दोन सिम आहेत. मी तीन-चार घरांत असं करून दिलंय, म्हाताऱ्या माणसांना तर हे फार आवडतं कारण फोन एका जागी असतो, शोधावा लागत नाही.

एक वेगळी खूण सांगतो. आईने लावला तर लागतो, पण तुम्ही लावला की "संपर्क क्षेत्राबाहेर". दिवसभर असं होत असेल आणि तिने फोन हातात घेऊन स्क्रीन चालू केल्यावर लगेच ठीक होत असेल, तर फोन झोपतोय. स्क्रीन बंद झाली की बॅटरी वाचवायच्या नावाखाली काही फोन वायफाय सोडून देतात, मग बोगदा तुटतो आणि घरात टॉवर नाहीच, तर कॉल पोचणार कुठून. बॅटरी सेव्हर बंद करा, आणि वायफायच्या पुढच्या सेटिंगमध्ये झोपेत वायफाय चालू ठेवायचा पर्याय असेल तर तो Always करा. हे करूनही तसंच होत असेल तर राउटर रीस्टार्ट करून एक दिवस बघा. राउटर बोगद्याची नोंद किती वेळ लक्षात ठेवतो यावर सगळं असतं, स्वस्तातले काही राउटर फार पटकन विसरतात, मग फोन आत आहे हे बाहेरच्याला कळत नाही. अशा वेळी राउटर बदलण्याखेरीज माझ्याकडे तरी दुसरा इलाज नसतो.

आता "मधेच कट" बद्दल, कारण तुम्ही न लिहिलेली एक गोष्ट मला विचारायचीय. घरात दुसरा राउटर आहे का? जांभ्याच्या घरात बहुधा असतोच. मागच्या पावसाळ्यातलं कुडाळजवळचं एक घर सांगतो, अगदी तुमच्यासारखंच. पुढे पडवी, मग माजघर, मागे स्वयंपाकघर आणि त्याच्या बाजूला आजींची खोली. फायबरचं यंत्र पडवीत, कारण वायर तिथूनच आली. मागे वायफाय पोचत नव्हतं म्हणून मुंबईच्या मुलाने एक राउटर आणून मागच्या खोलीत लावला, केबल ओढली, दोन्हींना एकच नाव आणि एकच पासवर्ड दिला. काम नीटनेटकं होतं. नेट दोन्हीकडे पळत होतं, व्हिडिओ कुठेही अडकत नव्हता. पण फोनवर बोलत बोलत आजी माजघराच्या दारातून आत गेल्या की कॉल कट. दरवेळी तिथेच. त्यांचं म्हणणं त्या दाराला काहीतरी बाधा आहे.

मी माझा फोन घेऊन दोन्हीकडे वायफायच्या तपशिलात आयपी पत्ता बघितला. पडवीत 192.168.1.23 आणि आतल्या खोलीत 192.168.0.105. बाधा सापडली. केबल दुसऱ्या राउटरच्या डब्ल्यूएएन भोकात, म्हणजे बाहेरचं नेट आत घ्यायच्या भोकात, घातलेली, त्यामुळे त्याने मागे स्वतःचं वेगळं नेटवर्क मांडलं होतं. दाराशी फोन एका राउटरवरून दुसऱ्यावर उडी मारतो, नाव एकच म्हणून फोनला वाटतं तेच घर आहे, पण पत्ता बदलतो. बोगदा जुन्या पत्त्यावर बांधलेला, तो कोसळतो. व्हिडिओला याचा फरक पडत नाही कारण तो काही सेकंद पुढचा भरून ठेवतो, तुटलं तर नवीन जोडतो, कुणाला कळत नाही. चालू बोलण्याला पुढचं भरून ठेवता येत नाही.

दुरुस्ती अशी केली. दुसऱ्या राउटरमध्ये Operation Mode मध्ये Access Point असा पर्याय होता, तो निवडला की राउटर आपलं नेटवर्क मांडणं सोडतो आणि पडवीतल्या यंत्राचा नुसता हात होतो. असा पर्याय नसला तरी होतं: दुसऱ्या राउटरचा स्वतःचा पत्ता पहिल्याच्या रांगेत पण वेगळा करायचा, म्हणजे पहिला 192.168.1.1 असेल तर हा 192.168.1.2, मग त्यातला DHCP Server, म्हणजे फोनना पत्ते वाटणारा भाग, बंद करायचा, आणि केबल डब्ल्यूएएनमधून काढून कुठल्याही एका लॅन भोकात घालायची. क्रम महत्त्वाचा आहे हं, पत्ता आधी, डीएचसीपी नंतर, केबल शेवटी, नाहीतर मधेच राउटरचं पान उघडायचं बंद होतं आणि रीसेट करून पहिल्यापासून. झाल्यावर परत दोन्हीकडे पत्ता बघितला, दोन्हीकडे 192.168.1.23. मग कॉल चालू ठेवून पडवीतून मागच्या खोलीपर्यंत तीनदा चाललो. दारात क्षणभर आवाज गायब झाल्यासारखा होतो, अर्धा सेकंद असेल, पण कट नाही. आजींनी स्वतः चालून बघितल्यावरच विश्वास ठेवला.

तुमच्याकडे एकच राउटर असेल तर वेगळं बघायचं, आई बोलते त्या जागी वायफाय किती येतं ते. वायफायची ताकद दाखवणारी फुकट अ‍ॅप असतात, त्यात उणे 67 च्या आसपास किंवा त्याहून बरं, म्हणजे उणे 60, उणे 55, असेल तर बोलणं स्वच्छ होतं. उणे 75 च्या खाली गेलं की शब्द तुटायला लागतात, नेट मात्र तरीही "मस्त" चालताना दिसतं. एका कॉलला लागतात फार तर शंभर केबीपीएस, तुमचा सगळ्यात छोटा प्लॅनसुद्धा त्याच्या शेकडो पट मोठा आहे, म्हणून कॉल तुटतो तर मोठा प्लॅन घ्या असं कोणी सांगितलं तर घेऊ नका. जाड भिंतीतून 5 गिगाहर्ट्झ फारसं जात नाही, 2.4 जातं. पुण्या-ठाण्याच्या सोसायटीत मी उलटं सांगितलं असतं, कारण तिथे 2.4 वर शेजारच्या वीस राउटरची गर्दी असते, पण तुमच्या वाडीत शेजारचं घर आंब्याच्या पलीकडे, गर्दी कसली. आईचा फोन 2.4 वर ठेवा, सरळ. तरीही आतल्या खोलीत कमी पडत असेल तर भिंतीवर चिकटवायचा रिपीटर घेऊ नका. ज्या जागी वायफाय मुळात मेलेलं आहे तिथे रिपीटर लावून काय वाढवणार तो. केबल ओढून वर सांगितलं तसा दुसरा राउटर, एवढाच माझा सल्ला, खर्च थोडा जास्त पण परत जावं लागत नाही.

एक मर्यादा आहे ती तुमच्या अंगणाशी जोडलेली आहे. बोलता बोलता आई घरातून अंगणात गेली तर कॉल वायफायवरून टॉवरवर जायला हवा. अंगणात 4जी किंवा 5जी असेल आणि व्हीओएलटीई चालू असेल तर सहसा जातो. अंगणात नुसतं 2जी असेल, वर E किंवा काहीच अक्षर नाही असं, तर वायफाय सुटलं की कॉल तुटणार, ती जोडणी होत नाही. म्हणून उलट सवय लावायची, बोलणं संपेपर्यंत आतच राहायचं. इतकी वर्षं अंगणात पळायची सवय झालेली असते, फोन वाजला की पाय आपोआप बाहेर. कुडाळच्या आजी पण पहिला आठवडा फोन घेऊन बाहेरच जात होत्या आणि "चालत नाही" म्हणून मला फोन करत होत्या, अंगणातूनच.

ओटीपीचं विचाराल, तर एअरप्लेन मोडमध्ये तुमच्या नंबरवरून एक साधा एसएमएस पाठवून आणि मागवून बघा. पोचला तर ओटीपीही सहसा येईल. नाही आला तर ओटीपीपुरतं अंगण आहेच.

आणि लाईट. कोकणात पावसात लाईट जाणं नवीन नाही, आणि लाईट गेली की राउटर बंद, म्हणजे नेमक्या वादळाच्या रात्री आई परत मुकी. फायबरच्या यंत्राला आणि राउटरला छोटा यूपीएस मिळतो, डीसी वाला, मोबाईलच्या पॉवर बँकेएवढा. घेताना अ‍ॅडॅप्टरवर लिहिलेलं बघून घ्या, बहुतेक 12 व्होल्ट असतं, अँपिअर 1, 1.5 किंवा 2. यूपीएसचे व्होल्ट तेवढेच हवेत आणि अँपिअर तेवढे किंवा जास्त, कमी असला तर राउटर दर पाच मिनिटांनी स्वतःच बंद-चालू होत राहतो आणि मग दोष कॉलिंगला जातो. दोन राउटर असतील तर दोघांनाही द्या, एकाला देऊन उपयोग नाही. मात्र विजा कडाडत असतील तर यूपीएसचा प्लग भिंतीतून काढून ठेवायचा, तो बॅटरीवर चालू राहतो. फायबरच्या काचेच्या धाग्यातून वीज येत नाही, येते ती लाईटच्या वायरीतून, आणि दोन राउटरमधल्या तांब्याच्या केबलमुळे दोन्ही जातात. माझं एक गिऱ्हाईक मे महिन्याच्या वळवात एका रात्रीत दोन्ही घालवून बसलं.

112 बद्दल मात्र वायफाय कॉलिंगवर विसंबू नका. आणीबाणीचा कॉल फोन आधी टॉवरवरूनच लावायला बघतो, अगदी दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरूनसुद्धा, आणि वायफायवरून गेलाच तर तुम्ही कुठे आहात हे पलीकडे नीट कळेलच असं नाही. एअरप्लेनवर ठेवलेल्या घरच्या फोनशेजारी एका कागदावर मोठ्या अक्षरात वाडीचं नाव, जवळची खूण आणि शेजाऱ्यांचा नंबर लिहून चिकटवा, विचारलं तर वाचून सांगता येतं.

तर गणपतीला घरी जाल तेव्हा आधी एअरप्लेनची टेस्ट, मग प्रेफरन्सची ओळ, मग आयपी पत्ता दोन्ही खोल्यांत. त्याआधी आज रात्री आईला फोन लावून एवढंच विचारा की घरात वायफायचे डबे किती आहेत, एक की दोन, आणि कट होतो तो एकाच जागी होतो की कुठेही. ते इथे लिहिलंत तर पुढचं सांगतो.